नव्या नोकरीतील पगारी रजेचा हिशेब : दरमहा जमा, मधले खाडे आणि उरलेली शिल्लक

नव्याने कामाला लागलेला माणूस पाच महिन्यांनी रजेची शिल्लक मोजायला बसतो, तेव्हा बहुतेक वेळा एकच हिशेब करतो. महिन्याला दीड दिवस, पाच महिन्यांचे साडेसात, त्यातून सहा खाडे वजा केले की उरला दीड दिवस. पगारपत्रकावर मात्र ३.४८ असा आकडा छापलेला असतो. आकडा जास्त दिसल्यामुळे तो खूश होतो आणि विषय तिथेच सोडून देतो. हजेरी आणि पगाराचे काम करताना हा प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. जास्त दिसणारी ही शिल्लक म्हणजे कारखान्याने दिलेली भेट नसून, मधल्या महिन्यांत कापल्या गेलेल्या पगाराची ती दुसरी बाजू असते. हे नेमके कसे घडते, ते एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण सिंधुदुर्गातील एका काजू कारखान्याचे घेऊ. तेथील सोलणी विभागात एक मुलगी सोमवार, ९ जून २०२५ रोजी रुजू झाली. आठवड्याला सहा दिवस काम, रविवारी साप्ताहिक सुट्टी आणि महिन्याचा पगार १५,५०० रुपये, असे तिच्या नेमणूक पत्रात लिहिले होते. रजेचा दर महिन्याला दीड दिवस, म्हणजे वर्षाला अठरा दिवस, असा होता. हिशेब सोपा राहावा म्हणून येथे पगारी रजेचे एकच खाते आहे, असे मानले आहे.

आधी नेमणूक पत्रातील चार ओळी शोधा

सुट्टी आणि रजा हे शब्द बोलताना आपण एकाच अर्थाने वापरतो, पण हिशेबात ते वेगळे ठेवावे लागतात. सुट्टी सर्वांना मिळते आणि ती कोणाच्याही खात्यातून वजा होत नाही, उदाहरणार्थ रविवार किंवा गणेश चतुर्थीची जाहीर सुट्टी. रजा ही ज्याच्या त्याच्या खात्यात साठते, अर्ज करून घ्यावी लागते आणि घेतली की कमी होते. अर्ज न करता किंवा खात्यात शिल्लक नसताना घरी राहिले, तर तो दिवस बिनपगारी जातो, म्हणजे त्या दिवसाचा पगार मिळत नाही.

पत्रात किंवा रजेच्या नियमावलीत दर तर सर्वच जण पाहतात. त्याच्या आजूबाजूच्या ज्या ओळी कोणी वाचत नाही, त्यांवर खरा हिशेब ठरतो. रजा महिन्याच्या पहिल्या तारखेला जमा होते की शेवटच्या, ही पहिली ओळ. महिन्याच्या मध्येच रुजू झालेल्याला त्या महिन्याची किती रजा मिळते, ही दुसरी. परिविक्षेच्या काळात साठलेली रजा वापरता येते की कायम होईपर्यंत ती नुसतीच साठत राहते, ही तिसरी. बिनपगारी दिवसांमुळे त्या महिन्याची जमा कमी होते का, ही चौथी. या ओळी पत्रात सापडल्या नाहीत, तर रुजू होण्याच्या आठवड्यातच लेखी विचारून ठेवाव्यात, कारण पहिला खाडा पडल्यानंतर विचारलेल्या प्रश्नाकडे कार्यालय प्रश्न म्हणून न पाहता तक्रार म्हणून पाहते.

आपल्या उदाहरणातील उत्तरे अशी होती : रजा महिन्याच्या शेवटच्या दिवशी जमा होते व पुढल्या दिवसापासून वापरता येते, रुजू होण्याच्या महिन्यात दिवसांच्या प्रमाणात मिळते, परिविक्षेतही वापरता येते, आणि बिनपगारी दिवस असतील तर त्या प्रमाणात जमा घटते. रजा पूर्ण किंवा अर्धा दिवस अशीच घेता येते.

पहिल्या महिन्याची जमा

जून महिना तीस दिवसांचा आहे. ९ तारखेपासून ३० तारखेपर्यंत, दोन्ही दिवस धरून, बावीस दिवस होतात. येथे रविवार वगळायचे नाहीत, कारण महिन्याचा पगार रविवारसह सर्व दिवसांचा असतो आणि जमा त्याच धर्तीवर मोजली जाते. नियम एका ओळीत असा लिहिता येईल :

```
जमा = मासिक दर × पगारी दिवस ÷ महिन्याचे एकूण दिवस
```

म्हणजे दीड गुणिले बावीस भागिले तीस, उत्तर १.१ दिवस. ३० जून रोजी तिच्या खात्यात १.१ दिवस जमा झाले. काही ठिकाणी प्रमाण न काढता १५ तारखेची रेघ मारलेली असते : १५ तारखेपर्यंत रुजू झाल्यास पूर्ण दीड दिवस, त्यानंतर झाल्यास काही नाही. तसा नियम असता, तर तिला जूनचे पूर्ण दीड दिवस मिळाले असते. दोन्ही पद्धती रूढ आहेत. आपल्याकडे कोणती आहे, एवढे माहीत असले की पुरे.

जुलै : दोन दिवसांचा ताप

मंगळवार १५ आणि बुधवार १६ जुलै रोजी ती तापाने घरी होती. कामावर परतल्यावर तिने दोन दिवसांचा रजेचा अर्ज दिला आणि तो मंजूरही झाला. पगारपत्रकात मात्र एक दिवस `PL` म्हणजे पगारी आणि दुसरा `LWP` म्हणजे बिनपगारी असा लागला. तिचे म्हणणे होते, “अर्ज मंजूर केला, मग पगार का कापला?” मंजुरीचा अर्थ एवढाच की गैरहजेरी बेशिस्त मानली जाणार नाही. पगार मिळणार की नाही, हे मात्र त्या दिवशी खात्यात काय आहे यावरच ठरते. खात्यात १.१ दिवस होते, त्यातून एक पूर्ण दिवस निघाला आणि उरलेल्या ०.१ मधून अर्धा दिवसही निघत नव्हता. जुलैचे दीड दिवस महिनाअखेरीस जमा व्हायचे होते, त्यामुळे १६ तारखेला त्यांचा उपयोग नव्हता.

संपूर्ण हिशेबाची मेख इथेच आहे. महिनाअखेरीस जमा झालेली रजा मागे जाऊन आधीचा बिनपगारी दिवस भरून काढत नाही. म्हणून सगळी जमा एकत्र करून त्यातून सगळे खाडे एकदम वजा करणे चुकते. दुकानदाराच्या खतावणीसारखा हा हिशेब तारखेच्या क्रमाने मांडावा लागतो.

जुलैत एक दिवस बिनपगारी गेल्याने पगारी दिवस एकतीसपैकी तीस उरले. दीड गुणिले तीस भागिले एकतीस म्हणजे १.४५. आधीचे ०.१ मिळवून ३१ जुलैची शिल्लक १.५५ झाली. पगारातून गेलेली रक्कम १५,५०० भागिले ३१, म्हणजे ५०० रुपये. येथे एक गोष्ट तपासून घ्यावी, ती म्हणजे भागाकार कितीने होतो. काही ठिकाणी महिन्याच्या दिवसांनी भागतात, तर काही ठिकाणी सव्वीस कामाच्या दिवसांनी. सव्वीसने भागल्यास त्याच एका दिवसाचे सुमारे ५९६ रुपये कापले जातात.

ऑगस्ट : गणपतीचे दिवस

गणपतीला कोकणातला माणूस घरी असतोच, ही गोष्ट कारखान्यालाही माहीत असते. २०२५ साली गणेश चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती आणि त्या दिवशी कारखान्याला पगारी सुट्टी होती. तिने गुरुवार २८ ते शनिवार ३० अशी तीन दिवसांची रजा मागितली आणि सोमवारी १ सप्टेंबरला ती कामावर आली. खात्यात १.५५ दिवस होते. गुरुवार पूर्ण आणि शुक्रवार अर्धा, असे दीड दिवस पगारी झाले. शुक्रवारचा उरलेला अर्धा दिवस आणि शनिवार मिळून दीड दिवस बिनपगारी गेले, म्हणजे ७५० रुपये. खात्यात ०.०५ एवढेच राहिले.

ऑगस्टचे पगारी दिवस साडेएकोणतीस. दीड गुणिले साडेएकोणतीस भागिले एकतीस म्हणजे १.४३, आणि ३१ ऑगस्टची शिल्लक १.४८.

येथे रविवारचा मुद्दा येतो. ३१ ऑगस्टच्या रविवारी गौरी आल्या आणि सोमवारी गौरीपूजन होते. सोमवारीही ती घरी राहिली असती, तर शनिवार आणि सोमवार यांच्या मध्ये रविवार अडकला असता. अनेक नियमावल्यांत असा मधला रविवारही गैरहजेरीत धरतात आणि बोलण्यात त्याला ‘सँडविच’ म्हणतात. सिंधुदुर्गातल्या एका सणासाठी हा शब्द मला नेहमीच विचित्र वाटत आला आहे, पण पगार विभागात तोच चालतो. त्या नियमाने तिचे आणखी ५०० रुपये गेले असते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ७९ प्रमाणे कायद्याने मिळणारी रजा सुट्ट्या वगळून मोजायची असे, मग त्या सुट्ट्या रजेच्या मध्ये येवोत की टोकाला. त्यामुळे पगारी रजेच्या मधला रविवार त्या रजेतून वजा झालेला दिसला, तर तो जरूर विचारावा. दोन्ही बाजूंचे दिवस बिनपगारी असतील, तेव्हा मात्र नियमावलीत काय लिहिले आहे ते आधी पाहावे. आणि शक्य असेल तर रजा मागतानाच सोमवारऐवजी गुरुवार निवडता येतो का, याचा विचार करावा.

ऑक्टोबरअखेरचे खाते

सप्टेंबरमध्ये एकही खाडा नव्हता. पूर्ण दीड दिवस जमा झाले आणि शिल्लक २.९८ झाली. ऑक्टोबरमध्ये सोमवार १३ तारखेला तिने जमिनीच्या कागदाच्या कामासाठी तहसील कार्यालयात जायला एक दिवस रजा घेतली, जी पूर्ण पगारी झाली. संपूर्ण खाते असे दिसते :

| महिना | सुरुवातीची शिल्लक | पगारी रजा | बिनपगारी | अखेरची जमा | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|---|---|
| जून | ० | ० | ० | १.१० | १.१० |
| जुलै | १.१० | १ | १ | १.४५ | १.५५ |
| ऑगस्ट | १.५५ | १.५ | १.५ | १.४३ | १.४८ |
| सप्टेंबर | १.४८ | ० | ० | १.५० | २.९८ |
| ऑक्टोबर | २.९८ | १ | ० | १.५० | ३.४८ |

आता सुरुवातीच्या कोड्याकडे परत येऊ. जूनचे १.१ आणि पुढील चार महिन्यांचे सहा मिळून ७.१ दिवस होतात, आणि सहा दिवसांची गैरहजेरी वजा केली की १.१ उरायला हवेत. पगारपत्रक ३.४८ सांगते. फरक २.३८ दिवसांचा आहे. सहा दिवसांपैकी अडीच दिवस खात्यातून गेलेच नाहीत, ते पगारातून गेले. तेवढे खात्यात शिल्लक राहिले. त्या अडीच दिवसांमुळे जुलै आणि ऑगस्टची जमा मिळून ०.१२ ने घटली. अडीचमधून ०.१२ वजा केले की २.३८ येतात, आणि पगारातून गेले १,२५० रुपये. आपल्या पगारपत्रकावरील शिल्लक अंदाजापेक्षा जास्त दिसली, तर हीच वजाबाकी करून पाहावी. फरक जवळपास बिनपगारी दिवसांएवढा निघाला, तर खाते बरोबर आहे. तसा निघाला नाही, तर नोंदीत कुठेतरी चूक आहे.

जमा महिन्याच्या सुरुवातीला झाली असती तर

बाकी सगळे तेच ठेवून एकच ओळ बदलू आणि रजा पहिल्या तारखेला जमा होते असे धरू. १ जुलैला तिच्या खात्यात १.१ आणि दीड मिळून २.६ दिवस असते आणि तापाचे दोन्ही दिवस पगारी झाले असते. उरलेल्या ०.६ मध्ये १ ऑगस्टला दीड मिळून २.१ झाले असते, त्यामुळे गणपतीच्या तीन दिवसांपैकी दोन पगारी आणि एकच बिनपगारी गेला असता. अडीचऐवजी एक दिवस, म्हणजे १,२५० रुपयांऐवजी ५००. दर तोच, खाडे तेच, फक्त जमेची तारीख वेगळी. म्हणूनच नेमणूक पत्रातील चार ओळींमध्ये मी ती सर्वांत आधी ठेवली.

जिथे जमा महिनाअखेरीस होते, तिथे नियमावलीत आगाऊ रजेची तरतूद आहे का, ते पाहून ठेवावे. तशी तरतूद असेल, तर पुढे जमा होणाऱ्या रजेच्या भरवशावर खाते उणे करता येते आणि नंतरच्या जमेतून ते भरून निघते. ही सवलत सहसा लेखी अर्जावर आणि हजेरी बंद होण्यापूर्वीच मिळते. मात्र खाते उणे असताना नोकरी सोडली, तर तेवढ्या दिवसांचा पगार शेवटच्या हिशेबातून वळता केला जातो, हे लक्षात ठेवून सही करावी.

कायद्याने मिळणारी रजा ही किमान मर्यादा आहे आणि ती वेगळ्या पद्धतीने मोजतात. कारखाने अधिनियमाप्रमाणे एका कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळत असे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीच्या संहितेने वीस दिवसांमागे एक हे प्रमाण तेच ठेवून २४० ची अट १८० वर आणली. वर्षाला तीनशे दिवस प्रत्यक्ष काम केले, तर या प्रमाणाने पंधरा दिवस होतात. दरमहा दीड दिवस देणारी नियमावली अठरा देते, म्हणजे ती कायद्यापेक्षा उदार आहे. महिन्याला एकच दिवस देणारी नियमावली असेल, तर वर्षअखेरीस आपले कामाचे दिवस मोजून वीसने भागून पाहणे योग्य ठरेल.

नोंदीतल्या चुका कुठे होतात

शिल्लक चुकण्याचे कारण बहुतेक वेळा गणितात नसून हजेरीत असते. काजूच्या टरफलातील तेलाने बोटे काळी पडतात आणि त्वचेची सालपटे निघतात. अशा बोटाचा ठसा हजेरीचे यंत्र ओळखत नाही. माणूस आठ तास कामावर असतो आणि नोंद गैरहजेरीची लागते. पावसाळ्यात ओल्या हाताने अंगठा ठेवल्यावरही तेच होते. यंत्राने आवाज करून नाव दाखवले की नाही, ते पाहूनच पुढे जावे. नाव दिसले नाही, तर त्याच क्षणी मुकादमाला सांगून कागदी मस्टरवर सही करावी. महिन्याने तोंडी सांगितलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणणार?

दुसरी चूक खरी चूक नसून तारखांचा घोळ असतो. अनेक ठिकाणी हजेरी २५ तारखेला बंद होते आणि २६ पासूनचे दिवस पुढल्या महिन्याच्या पगारात धरले जातात. तशा कारखान्यात २८ ते ३० ऑगस्टचे दिवस ऑगस्टच्या पत्रकात दिसणारच नाहीत, ते सप्टेंबरच्या पत्रकात येतील. ऑगस्टचा पगार पूर्ण मिळाला म्हणून निर्धास्त राहिलेल्याला सप्टेंबरमध्ये कपात दिसते आणि ती चुकीची वाटते.

वरच्यासारखा तक्ता एका वहीत ठेवला आणि दर महिन्याला पगारपत्रक मिळताच त्यातील एक ओळ भरली, तर चूक त्याच महिन्यात लक्षात येते. फरक सापडल्यास पगार विभागाला लेखी द्यावे. अर्जात रागाचा शब्द नको आणि मोघम तक्रारही नको. तारीख, नोंद आणि मागणी एवढेच पुरते. उदाहरणार्थ :

“महोदय, ११ सप्टेंबर रोजी मी सोलणी विभागात पूर्ण पाळी कामावर होते. ठसा न उमटल्याने त्या दिवशी कागदी मस्टरवर सही केली असून मुकादमांचीही सही आहे. सप्टेंबरच्या पगारपत्रकात मात्र तो दिवस बिनपगारी दाखवला आहे. कृपया नोंद दुरुस्त करून एका दिवसाचा पगार पुढील पगारात मिळावा आणि त्या दिवसामुळे घटलेली रजेची जमाही पूर्ववत करावी.”

शेवटचे वाक्य लोक नेहमी विसरतात. पगार परत मिळतो, पण जमेतील ०.०५ तसेच कमी राहते. असे चार-पाच महिने साचले की अर्ध्या दिवसाच्या रजेला खाते अपुरे पडू शकते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि ती त्याच वहीत, त्या महिन्याच्या ओळीशेजारी चिकटवून ठेवावी.